तीन मसुदे, एक आभारपत्र: निवड कशी करावी?

वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असा प्रवास करत भोपाळला थांबते. या गाडीने निघालेल्या फोंड्याच्या एका कुटुंबाचे उदाहरण कल्पून पाहू. इटारसी सोडल्यावर वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना भोपाळ स्थानकावर उतरवून रुग्णालयात दाखल करावे लागले. गाव अनोळखी, सोबत केवळ आई आणि मुलगा. कुणा परिचिताच्या ओळखीने तेथील एक निवृत्त मराठी दांपत्य मदतीला धावून आले. मुलाचे बँकेचे कार्ड त्या रात्री चालेना, तेव्हा काकांनी 20,000 रुपये अनामत भरली. काकू आईपाशी रात्रभर बसून राहिल्या आणि पुढील सहा दिवस घरून पेज करून आणत राहिल्या. वडील बरे होऊन घरी परतले. आता या दांपत्याला पत्र लिहायचे आहे आणि मुलाने त्याचे तीन मसुदे तयार केले आहेत.

पहिला मसुदा असा: ‘आमच्या कठीण प्रसंगी आपण केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही आपले अंतःकरणपूर्वक आभारी आहोत. आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य आहे. आपला हा स्नेह असाच वृद्धिंगत व्हावा, ही ईश्वरचरणी प्रार्थना.’

दुसरा मसुदा तीन पाने भरला आहे. तो तिकीट काढल्याच्या दिवसापासून सुरू होतो, डब्यातील गोंधळ आणि मुलाच्या मनाची घालमेल सविस्तर सांगतो. काका-काकू प्रथम दुसऱ्या पानाच्या तळाशी येतात. पत्र संपता संपता एक विनंतीही येते: ‘बाबांचे नवे रिपोर्ट पाठवतो, तेथील डॉक्टरांना एकदा दाखवाल का?’

तिसरा मसुदा असा: ‘काका, काकू, बाबा आता घरी आहेत आणि सकाळी अंगणात फेऱ्या मारतात. त्या रात्री माझे कार्ड चालले नाही, तेव्हा काकांनी भरलेले 20,000 रुपये सोमवारी तुमच्या खात्यात जमा केले आहेत. पैसे परत करता आले. काकू रात्रभर आईजवळ बसून राहिल्या, ते परत करता येणार नाही. आई तुमच्या पेजेची आठवण रोज काढते. गोव्यात आलात की आमच्याकडेच उतरा.’

हे तिन्ही मसुदे प्रामाणिक आहेत. स्पष्टता, जिव्हाळा आणि लांबी या तीन कसोट्या त्यांना लावायच्या आहेत. मात्र तिन्हींना सारखेच गुण देऊन बेरीज करणे योग्य ठरत नाही. तसे केल्यास अस्पष्ट पत्रही केवळ आटोपशीर असल्याच्या बळावर पुढे सरकते. म्हणून त्या क्रमाने लावाव्यात.

पहिली कसोटी स्पष्टतेची, आणि ती चाळणीसारखी वापरावी. घडलेला प्रसंग ठाऊक नसलेल्या एखाद्या व्यक्तीला मसुदा एकदाच वाचायला द्यावा, कागद बाजूला ठेवावा आणि तीन प्रश्न विचारावेत: आभार कोणाचे, कशाबद्दल, आणि त्या मदतीने पुढे काय झाले? पहिल्या मसुद्याच्या वाचकाला यांपैकी एकाचेही उत्तर देता येणार नाही. ‘सहकार्य’ या शब्दात अनामत, पेज आणि रात्रीची सोबत सारेच विरून गेले आहे. वडील आज कसे आहेत, हेही त्यात नाही. भोपाळमधील त्या घराला तर सर्वप्रथम तेच जाणून घ्यायचे असणार. दुसऱ्या मसुद्यात उत्तरे आहेत, पण ती शोधावी लागतात. तिसऱ्यात ती पहिल्या तीन वाक्यांतच मिळतात.

आभारपत्रात पैशांचा उल्लेख काहींना रुक्ष वाटेल. परंतु ज्याने पैसे भरले, तो संकोचाने कधीच विचारत नाही. रक्कम आणि ती कधी जमा केली हे पत्रातच सांगितल्याने त्याचा तो संकोच मिटतो. उल्लेख मात्र एका वाक्यात उरकावा आणि त्यावर पत्र संपवू नये.

स्पष्टतेत भाषाही येते. भोपाळमधील मराठी घरांत बोलणे मराठीत चालत असले, तरी तरुण पिढीचे शिक्षण बहुधा हिंदी वा इंग्रजी माध्यमात झालेले असते. पत्र काका-काकूंपुरते राहत नाही, ते नातवंडेही वाचतात. ‘वृद्धिंगत’पेक्षा ‘आमच्याकडेच उतरा’ हे त्यांच्यापर्यंत सहज पोहोचते.

दुसरी कसोटी जिव्हाळ्याची. येथे फसगत अधिक होते, कारण भावनादर्शक विशेषणांची संख्या म्हणजेच जिव्हाळा असे वाटू लागते. तो ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे पत्र ज्यांना लिहिले त्यांचे नाव झाकून, हेच पत्र दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का, हे पाहणे. पहिला मसुदा सभागृह देणाऱ्या संस्थेला किंवा स्पर्धेच्या परीक्षकांनाही शब्द न बदलता पाठवता येईल. तिसरा भोपाळमधील त्या एकाच घराला पाठवता येतो. त्यात ‘आभार’ हा शब्द नाही, तरी काही उणे भासत नाही. काका-काकू म्हणून हाक मारल्यावर औपचारिक ‘धन्यवाद’ उलट परकेपणा आणू शकतो.

दुसरा मसुदा या कसोटीवर काठावर राहतो. भावना त्यात भरपूर आहे, पण ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मनाभोवती फिरते. वाक्यांचे कर्ते मोजले तर हे लगेच दिसते: ‘मी’ आणि ‘मला’ पानोपानी, ‘काकू’ मोजक्याच ठिकाणी. त्यात शेवटची विनंती सर्वांत घातक आहे. ती वाचताच आधीची सारी कृतज्ञता त्या कामाची प्रस्तावना वाटू लागते. रिपोर्टविषयी विचारायचेच असेल, तर काही दिवसांनी स्वतंत्रपणे विचारावे.

लांबी सर्वांत शेवटी पाहावी. ती शब्द मोजून ठरत नाही. पहिला मसुदा 28 शब्दांचा, तिसरा 53 शब्दांचा, म्हणजे जवळपास दुप्पट. तरीही वाचताना पहिलाच लांब वाटतो, कारण त्यातून काहीच हाती लागत नाही. प्रत्येक वाक्य झाकून पाहावे. ते नसल्याने पत्रातील एखादी माहिती किंवा आठवण हरवत नसेल, तर ते अनावश्यक आहे. पहिल्यातील शेवटची दोन वाक्ये अशीच गळतात. तिसऱ्यातील एकही गळत नाही.

निवड तिसऱ्या मसुद्याची झाली, तरी काम संपत नाही. त्या रात्री दुचाकीवरून औषध आणून देणारा शेजारचा मुलगा त्यात राहून गेला आहे. पत्र त्या घरात वाचले जाईल, तेव्हा तोही तेथे असेल, आणि आपला उल्लेख नाही हे त्याला जाणवेल. त्याच्यासाठी एक वाक्य वाढवावे. मात्र पहिल्यातील एखादी डौलदार ओळ आणि दुसऱ्यातील एखादा हळवा परिच्छेद तिसऱ्यात जोडण्याचा मोह टाळावा. तीन मसुद्यांचा सूर वेगळा असतो आणि जोड दिलेल्या जागी तो तुटलेला ऐकू येतो. पत्र मोठ्याने वाचले की जीभ नेमकी तेथेच अडखळते.

हा निकाल या घराला लिहिलेल्या पत्रापुरता आहे. याच कुटुंबाला रुग्णालयाच्या अधीक्षकांनाही लिहायचे असेल, तर तिसरा मसुदा चालणार नाही. तेथे पत्र नस्तीत लागते आणि ते वाचणाऱ्याला रुग्ण आठवत नसतो. त्यामुळे दाखल केल्याची तारीख, विभाग आणि ज्या परिचारिकांनी शुश्रूषा केली त्यांचा नेमका उल्लेख हवा, म्हणजे शाबासकी योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचते. तेथील जिव्हाळा त्या नेमकेपणातच असतो. पेजेची आठवण मात्र काकूंच्याच पत्रात शोभते.