बावन्नांत एक तरी जुळणार का?

पत्त्यांचे दोन कॅट घ्यावेत, दोन्ही नीट पिसावेत आणि दोन्हींतला वरचा एकेक पान एकाच वेळी उलटत जावे. शेवटच्या पानापर्यंत एकदा तरी दोन्हीकडे तेच पान येईल का? बदामची राणी समोर बदामच्याच राणीला भेटायची, तर शक्यता बावन्नांत एक; त्यामुळे बहुतेक जण 'नाही' यावर पैज लावतात. आणि बहुतेकदा हरतात. एक तरी जोडी जुळण्याची शक्यता ६३ टक्क्यांहून किंचित जास्त आहे.

हा प्रश्न जुना. पिएर रेमों द मोंमोर्त या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ साली जुगाराच्या गणितावरील पुस्तकात तो तेरा पत्त्यांच्या 'त्रेझ' या खेळावरून मांडला. पुढे निकोलस बर्नुली आणि ऑयलर यांनीही त्यावर काम केले.

उत्तर कसे निघते हे चार पानांवर दिसते: एक्का, राजा, राणी, गुलाम. एका रांगेचा क्रम कायम ठेवला, तर दुसरीचे २४ क्रम होतात. एक्का जागेवर असलेले क्रम ६, राजाचे ६, तसेच उरलेल्या दोघांचे, बेरीज २४. पण इथे फसगत होते, कारण एक्का आणि राजा दोघेही जागेवर असलेला क्रम दोनदा मोजला गेला. अशा जोड्या सहा, प्रत्येकीचे क्रम दोन, म्हणून १२ वजा. आता तिघे जुळणारे क्रम जास्तच वजा झाले, म्हणून ४ मिळवायचे. आणि शेवटी चौघे जुळतात तो १ वजा. उरले १५. चोवीसपैकी पंधरा म्हणजे ६२.५ टक्के.

पाच पानांवर हाच हिशेब ६३.३ टक्के देतो. त्यापुढे पाने कितीही वाढवा, आकडा ६३.२ च्या आसपासच राहतो. पाने वाढली की एकेक जुळणी अवघड होते खरी, पण जुळण्याच्या संधीही तेवढ्याच वाढतात. सरासरी काढली तर कॅट दहा पानांचा असो वा हजारांचा, जुळण्या नेमकी एकच.

म्हणूनच चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटवस्तू द्यायच्या ठरवल्या, की बहुतेक वेळा कुणाच्या तरी हाती स्वतःचेच नाव येते आणि चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्या लागतात.

याहून उपयोगाची जागा म्हणजे पारख. समजा, दहा प्रकारचे चहा आणि दहा नावे आहेत. प्रत्येक नाव एकदाच वापरून जोड्या लावायच्या. डोळे झाकून जोड्या लावणाऱ्याच्याही दोन किंवा अधिक जोड्या सुमारे २६ टक्के वेळा बरोबर येतात. तेव्हा दोन बरोबर आले म्हणून कुणाला जाणकार ठरवणे घाईचे आहे. चार किंवा अधिक मात्र नशिबाने सुमारे दोनच टक्के वेळा जमतात. आणि 'नेमके नऊ बरोबर' असा निकाल लागला, तर तपासणाराच चुकला आहे: नऊ जुळले की दहावा जुळतोच.