हात पक्के, जीभ मोकळी

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ (1988) या चित्रपटासाठी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची कार्यशाळा घेतली गेली. ती घेणारे होते दिल्लीचे नाट्यशिक्षक बॅरी जॉन. शंभराहून अधिक मुलं आली. अभिनय करा म्हटल्यावर मुलं सुरुवातीला हिंदी सिनेमातल्या हिरो-व्हिलनसारखी वागू लागली. ज्यांचं रोजचं जगणंच पडद्यावर हवं होतं, ती मुलं पाहिलेला सिनेमा करून दाखवत होती. कार्यशाळेचा बराचसा वेळ हा ‘अभिनय’ उतरवण्यात गेला.

हौशी माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे अभिनय कसा असतो याची डोक्यात आधीच बसलेली कल्पना. आपल्याकडे ती शाळेच्या गॅदरिंगमधून आणि एकांकिकांमधून येते, त्यामुळे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज आपोआप लागतो. दुसरी म्हणजे पाठांतर. पाठ केलेलं बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष पुढचं वाक्य आठवण्यात असतं, म्हणून तो समोरच्याचं ऐकतच नाही. हे ओळखायला सोपं आहे. सगळी वाक्यं एकाच वेगात येतात, थांबा नेमका पूर्णविरामाशी पडतो, समोरच्याच्या वाक्यावर याचे ओठ हलतात आणि हात मांडीला चिकटून राहतात.

यावर दिग्दर्शक काय करतो हे एका छोट्या प्रसंगावरून पाहू. समजा, किराणा दुकानदार मावशी आणि उधारी थकवलेला एक रिक्षावाला असा दोन मिनिटांचा सीन आहे. मावशीच्या भूमिकेसाठी दिग्दर्शकाने खरोखर दुकान चालवणारी बाई निवडली आहे. निम्मं काम इथेच झालं, कारण पुडी बांधायला आणि वही उघडायला तिला कोणी शिकवायला नको. पटकथेत तिचं वाक्य असं आहे : ‘‘तुमची तीन महिन्यांची उधारी थकली आहे. आता मी आणखी माल देऊ शकत नाही.’’ हा कागद तिच्या हाती पडला की ती तो पाठ करणार आणि तसाच म्हणणार. म्हणून तालमीत कागद आणायचाच नाही.

त्याऐवजी दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन परिस्थिती सांगायची. मावशीला सांगायचं, ‘‘काल घाऊकवाल्याचा फोन आला होता. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर उद्यापासून तुमचा माल बंद.’’ रिक्षावाल्याला सांगायचं, ‘‘घरी पाहुणे आलेत. किलोभर साखर घेतल्याशिवाय परत जायचं नाही, आणि उधारीचा विषय निघूच द्यायचा नाही.’’ एकाला काय सांगितलंय हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. समोरचा काय बोलणार हे माहीत नसल्यामुळे दोघांना ऐकावंच लागतं. मग खरा तराजू आणि खरी साखर ठेवून सीन करू द्यायचा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा.

पहिल्या खेपेला हे सहा-सात मिनिटं लांबतं आणि त्यातलं बरंचसं टाकाऊ असतं. पण मधेच मावशी म्हणते, ‘‘अण्णा, मागचं किती झालं, बघितलं का?’’ तो पाहुण्यांच्या गप्पा पुढे रेटतो. ती काहीच बोलत नाही. किलोभर मागितलेली साखर अर्धा किलोच तोलते आणि पुडी पुढे सरकवते. पटकथेतलं ‘‘आणखी माल देऊ शकत नाही’’ त्या अर्ध्या किलोत येऊन गेलं. दिग्दर्शकाने रेकॉर्डिंग ऐकून लिहिलेलं वाक्य खोडायचं आणि ही कृती ठेवायची.

आता सीन दोन मिनिटांत बसवायचा आहे. इथे ‘‘थोडक्यात बोला’’ म्हटलं की दोघंही अवघडतात, कारण ते स्वतःच्या बोलण्यावर लक्ष ठेवू लागतात. त्यापेक्षा परिस्थिती बदलायची. रिक्षावाल्याला सांगायचं, ‘‘पाहुणे बाहेर रिक्षातच बसलेत.’’ घाई आपोआप येते. तसंच ‘‘जरा रागाने’’ किंवा ‘‘नैसर्गिक बोला’’ अशा सूचनाही निरुपयोगी असतात. वाक्य स्वतः म्हणून दाखवलं तर मावशी दिग्दर्शकाची नक्कल करते. आणखी एक चूक सहज होते. ‘‘ते ‘बघितलं का’ काय मस्त म्हणालात!’’ अशी दाद दिली की पुढच्या खेपेला ती त्याच वाक्याची वाट पाहत बसते. उत्स्फूर्त सुचलेलं वाक्यही मग पाठांतरच होतं. दाद द्यायचीच तर पूर्ण सीनला द्यावी.

तीन-चार खेपांनंतर सीनचे टप्पे ठरवायचे : साखरेची मागणी, टाळाटाळ, थकलेला आकडा, अर्धा किलो. शब्द ठरवायचे नाहीत, पण हाताची कामं पक्की करायची. आकडा सांगताना मावशीचा हात साखरेच्या डब्यात असेल आणि पुडी काउंटरवर आल्यावरच रिक्षावाला गप्प होईल. यामागे संकलनाचं कारण आहे. एका टेकमध्ये पुडी हातात आणि दुसऱ्यात काउंटरवर असेल तर दोन्ही तुकडे जोडता येत नाहीत. हात पक्के असले की जीभ मोकळी सोडता येते. शिवाय हाताला काम असलं की आपण बोलत आहोत याचा माणसाला विसर पडतो.

आणि तालीम वेळेवर थांबवायची. सीन रंगायला लागला की पुढची खेप कॅमेऱ्यासाठी राखून ठेवायची. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यासाठी शक्यतो कथेच्या क्रमानेच चित्रीकरण करत आणि नटांना पूर्ण पटकथा आधी देत नसत. पुढे काय घडणार हे पात्राला माहीत नसतं, तसंच नटालाही. लहान मुलांना दचकवून किंवा दुखावून खरी प्रतिक्रिया मिळवायचा मोहही होतो, पण तो टाळावा. एकदा फसवलेलं मूल दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवत नाही.

याच्या अगदी उलट वाटही आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) बरेच कलाकार पेशाने नट नव्हते. लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार मुळात चळवळीतले कार्यकर्ते. तिथे एकेका दृश्याचे डझनावारी टेक झाले. इतक्या वेळा म्हटल्यावर वाक्यातला ‘अभिनय’ झिजून जातो आणि माणूस ते कामकाजासारखं बोलू लागतो. कोर्टातली भाषा जशीच्या तशी हवी असते, कलम चुकून चालत नाही, म्हणून तिथे ही रीत जमते. मात्र तिला वेळ, पैसा आणि न कंटाळणारी माणसं लागतात. दोन दिवसांत शॉर्टफिल्म उरकायची असेल तर दहाव्या टेकला मावशी थकलेली दिसेल, सहज नाही.

कुठलीही वाट धरली तरी शूटिंगच्या आदल्या दिवशी एक चाचणी घेता येते. रिक्षावाल्याला गुपचूप सांगायचं, ‘‘आज साखर नको, तेल माग.’’ मावशी तेलाच्या डब्याकडे वळली आणि त्याच ओघात उधारी काढली, तर उद्या कॅमेरा लावायला हरकत नाही. तिने दिग्दर्शकाकडे पाहून ‘‘साखर ना?’’ विचारलं, तर अजून पाठांतर उतरलेलं नाही असं समजावं आणि पुन्हा नव्या परिस्थितीने तालीम सुरू करावी.