मोठी कंपनी कोणती?

एकाच पेठेत दोन गाळे आहेत असे समजू. पहिला व्यापारी एक कोटीचा माल स्वतःच्या नावावर खरेदी करून एक कोटी दोन लाखांना विकतो. दुसरा तेवढ्याच मालाचा सौदा घडवून दोन लाख रुपये अडत घेतो. मिळकत दोघांची सारखीच. परंतु उलाढालीच्या यादीत पहिला दुसऱ्याच्या पन्नासपटीहून मोठा ठरतो. देशातील मोठ्या कंपन्यांच्या याद्यांतही नेमके हेच घडते.

२०२२-२३ या आर्थिक वर्षातील दोन कंपन्या पाहा. इंडियन ऑइलची उलाढाल नऊ लाख कोटी रुपयांहून अधिक होती, तर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस अर्थात टीसीएसची सुमारे सव्वादोन लाख कोटी. विक्रीच्या यादीत इंडियन ऑइल चौपट मोठी. नफ्याची यादी हाती घेतली की चित्र उलटते. उपकंपन्या वगळून इंडियन ऑइलचा निव्वळ नफा सुमारे ८,२०० कोटी होता, तर टीसीएसचा उपकंपन्यांसह ४२ हजार कोटींहून अधिक. मनुष्यबळ मोजले तर टीसीएसकडे सहा लाखांहून अधिक कर्मचारी होते, इंडियन ऑइलकडे साधारण तीस हजार. मार्च २०२३ अखेरीस शेअर बाजारातील मूल्य पाहिले, तर टीसीएस दहापट मोठी होती.

यामागील कारण व्यापाऱ्यास सहज उमगेल. तेल कंपनीच्या विक्रीत कच्च्या तेलाची किंमत असते, शिवाय सरकारजमा होणारे उत्पादन शुल्कही त्यात मोजले जाते. मोठी रक्कम हातातून जाते, हाती थोडीच उरते. त्या वर्षी तर कच्चे तेल महागले असताना पेट्रोल-डिझेलचे किरकोळ दर बराच काळ स्थिर राहिले आणि नफा आक्रसला. टीसीएस माल विकत नाही, सेवा विकते. तिचा मुख्य खर्च वेतनाचा. शेअर बाजार मूल्य ठरवताना पुढील वर्षांच्या नफ्याचा अंदाज बांधतो, विक्रीची रक्कम पाहून थांबत नाही.

मालमत्तेची मोजपट्टी लावली तर दोघीही मागे पडतात. त्याच मार्चअखेर भारतीय स्टेट बँकेची एकूण मालमत्ता पंचावन्न लाख कोटींच्या घरात होती. परंतु बँकेची मालमत्ता म्हणजे मुख्यतः तिने दिलेली कर्जे व घेतलेले रोखे, आणि त्यामागे बहुतांशी ठेवीदारांचा पैसा असतो. तो बँकेचे देणे आहे. म्हणून कारखाना आणि बँक यांना या एकाच तराजूत तोलणे फसवे ठरते.

यास्तव यादीतील क्रमांकापूर्वी तिचे शीर्षक वाचावे: मोजले काय, कोणत्या तारखेला, आणि उपकंपन्या धरून की वगळून. उलाढाल आणि नफा वर्षभराचे असतात, मालमत्ता वर्षअखेरच्या एका दिवसाची. बाजारमूल्य मात्र रोज बदलते. उधारी देणारा व्यापारीही समोरच्याची विक्री ऐकून थांबत नाही. त्यातून शिल्लक किती राहते, हेही तो विचारतो.