फळीचा गाळा आणि पुस्तकांचे वजन

पुस्तकांची फळी मोडते ती क्वचितच, ती वाकते. आधी लक्षात येत नाही इतकी, मग कपाटाकडे तिरके पाहिले की दिसेल इतकी, आणि चार-पाच वर्षांनी मधली पुस्तके खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसू लागतात. सुताराला दोष देण्याआधी तीन गोष्टी मोजाव्या लागतात : फुटाला किती वजन पडते, फळी किती अंतर विनाआधार पार करते आणि ती कशाची व किती जाड आहे.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. नेहमीच्या आकाराच्या कथा-कादंबऱ्या एकमेकींना लागून उभ्या केल्या, तर फूटभर लांबीत सहा ते सात किलो भरतात. विश्वकोशाचे खंड, मोठे शब्दकोश किंवा वैद्यकाची जाड पाठ्यपुस्तके असतील तर तेवढ्याच लांबीत बारा-तेरा किलो होतात. चित्रांची, गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली पुस्तके याहूनही जड, कारण त्या कागदावर खनिज पावडरीचा थर असतो. घरातल्या वजनकाट्यावर फूटभर पुस्तके ठेवून पाहणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कपाट करायला टाकण्याआधी ही पाच मिनिटे खर्च करावीत.

दोन उभ्या आधारांमधल्या मोकळ्या अंतराला सुतारकामात गाळा म्हणतात. फळी वाकण्याचे खरे गणित या गाळ्यात आहे. पुस्तके सगळीकडे सारखी भरलेली असताना गाळा दुप्पट केला तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. कारण लांबीबरोबर एकूण वजनही वाढते आणि फळीचा लवचीकपणाही. उलट बाजूने पाहिले तर तीन फुटांचा गाळा दोन फुटांवर आणला की त्याच फळीचा, त्याच पुस्तकांखालचा बाक साधारण पाचव्या हिश्शावर येतो. जाडीचा परिणामही मोठा आहे, पण गाळ्याइतका नाही. १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतली तर बाक सुमारे अडीच पटीने कमी होतो. म्हणजे जाड फळीवर पैसे घालण्यापेक्षा मध्ये एक उभी फळी टाकणे स्वस्तही पडते आणि जास्त कामालाही येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. तीन फूट रुंद, अकरा इंच खोल, १८ मिलिमीटर जाडीची फळी; तिच्यावर फुटाला बारा किलो या हिशेबाने छत्तीस किलोचे जाड खंड. फळी दोन्ही टोकांना पिनांवर नुसती टेकलेली आहे. ही फळी पार्टिकल बोर्डाची असेल, म्हणजे लाकडाचा भुसा-तुकडे डिंकात दाबून केलेली, तयार कपाटांत असते तशी, तर ती पहिल्याच दिवशी मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटर खाली येते. चांगल्या प्लायवूडची असेल तर चार मिलिमीटरच्या आसपास. आता तोच गाळा दोन फुटांचा करा : पार्टिकल बोर्ड दोन मिलिमीटरवर येतो आणि प्लायवूड एका मिलिमीटरच्याही आत. तीन फुटांत अडीच मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे सुताराच्या भाषेत सूतभरापेक्षा कमी बाक डोळ्याला सहसा खटकत नाही. त्यामुळे जड ग्रंथांसाठी दोन फुटांचा गाळा आणि १८ मिलिमीटरचे प्लायवूड हे माप धरून चालायला हरकत नाही. हलक्या कादंबऱ्यांना त्याच प्लायवूडमध्ये अडीच फूट चालतात.

हे झाले पहिल्या दिवसाचे. लाकूड आणि लाकडापासून केलेले फलक सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू आणखी वाकत राहतात, आणि भार काढल्यावर तेवढे सगळे परत सरळ होत नाहीत. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांत ही खोड सर्वांत जास्त. काही वर्षांत मूळ बाक सहज दुप्पट होतो, आणि हवा दमट असेल तर आणखी. दुकानात रिकामे कपाट ताठ दिसते याला म्हणूनच काही अर्थ नाही.

प्लायवूड घेतले म्हणून काम संपत नाही. आठ बाय चारच्या फलकात वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा सहसा आठ फुटांच्या दिशेने धावतात. त्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने आल्या तर फळी ताठ राहते. आडव्या आल्या तर तेच प्लायवूड बरेच जास्त वाकते. उरलेल्या तुकड्यांतून फळ्या काढताना सुतार हमखास हा घोळ करतो, आणि वर सनमायका चिकटला की कोणाला काही कळत नाही. म्हणून फळ्या कापल्या जात असताना एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. सनमायकाचेही एक पथ्य आहे. तो फक्त वरच्या बाजूला लावला तर दोन बाजूंना ओल वेगवेगळी शोषली जाते आणि फळी पुस्तकांशिवायच पिळते. खालच्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावले की हा प्रश्न मिटतो.

गाळा कमी करणे शक्य नसेल, भिंतीच्या मापामुळे तीन फूट ठेवणे भागच असेल, तर फळीच्या पुढच्या कडेला सागवानी पट्टी उभी लावावी. वीस मिलिमीटर जाड आणि चाळीस मिलिमीटर उंच पट्टी, डिंक आणि स्क्रूने पक्की केलेली, वरच्या उदाहरणातल्या प्लायवूडचा बाक निम्म्याहून खाली आणते. पट्टी आडवी लावली तर तिचा उपयोग जवळजवळ संपतो. ताकद उंचीत आहे. पुढची कड अशी सावरली की मागची कड सैल राहते, तेव्हा तिला कपाटाच्या पाठीच्या फलकातून स्क्रू मारावेत किंवा भिंतीलगत एक आडवी पट्टी आधाराला द्यावी. हे केले की फळी चारी बाजूंनी धरलेली असते आणि विश्वकोशाचे वीस खंडही निमूटपणे सोसते.

फळ्यांमधली उंची ठरवताना मात्र बहुतेक घरांत सगळीकडे सारखे पंधरा इंच दिले जातात, कारण ते दिसायला बरे दिसते. साध्या कादंबरीची उंची साडेआठ इंच असते. वर उरलेल्या साडेसहा इंचांत पुढे काय होते ते कोणत्याही घरात पाहता येते : उभ्या पुस्तकांच्या डोक्यावर आडवी पुस्तके, त्यांवर मासिके, त्यांवर औषधाची पिशवी. वजन दीडपट होते आणि खालचे पुस्तक काढायचे तर सगळा ढीग हलवावा लागतो. पुस्तकाच्या उंचीपेक्षा दीड इंच जागा पुरेशी आहे. पुस्तक काढताना त्याच्या कण्याचे वरचे टोक ओढायचे नसते. शेजारची दोन पुस्तके किंचित मागे सारून मधले दोन्ही बाजूंनी धरायचे असते किंवा वरून बोट घालून पुढे कलते करायचे असते. दीड इंच त्यासाठी हवेत. कपाटात पिनांची भोके सव्वा-सव्वा इंचावर असली तर ही उंची पुढेही बदलता येते.

खोलीचेही तसेच. बारा इंच खोल फळीवर साडेपाच इंचांचे पुस्तक ठेवले की मागे अर्ध्या फुटाची पन्हळ तयार होते. ती एक तर धुळीची होते, नाही तर तिथे पुस्तकांची दुसरी रांग शिरते. दुसरी रांग म्हणजे फुटाला सात किलोचे चौदा किलो. कादंबऱ्यांच्या फळीवर न कळत कोशांचा भार. साध्या पुस्तकांना आठ इंच, मोठ्या ग्रंथांना अकरा-बारा इंच खोली पुरते.

पुस्तक स्वतः वाकते ते फळीपेक्षा त्याच्या उभे राहण्याने. रांग सैल असली की पुस्तके एकमेकांवर कलतात. जड पुस्तकात पानांचा गठ्ठा पुठ्ठ्यातून खाली ओघळू लागतो आणि कण्याजवळची शिवण सुटते. फार घट्ट रांगही वाईट, तिच्यातून पुस्तक ओढताना पुठ्ठे सोलतात. बोट सहज शिरेल इतकी ढील आणि टोकाला अटकाव हा मध्यम मार्ग. मोठ्या आकाराचे, पाच-सहा किलोचे ग्रंथ आडवेच ठेवावेत, एकावर एक तीनांपेक्षा जास्त नकोत.

उरला दमटपणा आणि धूळ. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, आणि सत्तरच्या आसपासच बुरशीला पुरेसे पाणी मिळू लागते. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटात मागच्या पानांवर पिवळे डाग पडतात ते यामुळे. असे कपाट आतल्या भिंतीला हलवावे. ते जमत नसेल तर भिंत आणि कपाट यांत दोन इंच आणि पुस्तके व कपाटाची पाठ यांत एक इंच मोकळा ठेवावा, म्हणजे हवा खेळती राहते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान चार इंच उंच हवी. फरशी पुसताना उडणारे पाणी पार्टिकल बोर्डाच्या उघड्या कडेतून आत शिरते, कड फुगते आणि तिथला स्क्रू सुटतो.

काचेची दारे धूळ बऱ्याच अंशी अडवतात, पण हवाही कोंडतात. दारांच्या वर-खाली बोटभर फट ठेवली आणि कोरड्या दिवशी ती उघडी टाकली तर दोन्ही साधते. उघड्या फळीवर धूळ पुस्तकाच्या वरच्या कडेवर बसते आणि दमट हवेत ती ओल धरून कागदाला चिकटते, म्हणून पावसाळ्याआधी ती काढलेली बरी. पुस्तक घट्ट मिटून धरावे आणि मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या कडेकडे झाडावे; ओले फडके फक्त रिकाम्या फळीसाठी, आणि फळी वाळल्यावरच पुस्तके परत.

आधीच वाकलेल्या फळीची तपासणी सोपी आहे. पुढच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरावा आणि मध्यभागी दोरा व फळी यांतले अंतर मोजावे. तीन फुटांत पाच मिलिमीटरच्या आत असेल तर फळी रिकामी करून उलटी बसवावी, मध्ये उभा आधार द्यावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पार्टिकल बोर्डाच्या खालच्या बाजूला मध्यभागी आडवी चीर दिसली, तर मात्र ती फळी उलटूनही उपयोगाची नाही. ती त्याच दिवशी रिकामी करून बदलावी.