सरकी उगवली नाही, तर ग्राहक आयोगात काय होतं?

समजा, भुसावळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बाजारातल्या कृषी केंद्रातून बीटी कपाशीच्या चार पिशव्या घेतल्या आणि जूनच्या पहिल्या पावसावर सरकी टोबली. दहा दिवसांनी पाहतो, तर निम्म्या जागा रिकाम्या. दुकानदार म्हणतो, पाऊस कमी पडला. कंपनीचा माणूस म्हणतो, तुम्ही सरकी खोल टाकली. या वादात शेतकरी सहसा घाईघाईत नांग्या भरतो आणि सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

म्हणून नांग्या भरण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. त्यानंतर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते, उगवलेली रोपं मोजते आणि पंचनामा होतो. या कागदात एक वाक्य शोधायचं असतं. ‘उगवण कमी आढळली’ एवढंच लिहिलं असेल, तर ते पुरेसं नाही, कारण उगवण ओलीमुळे किंवा किडीमुळेही कमी होते. बियाणं सदोष असल्याचा निष्कर्ष आणि त्याचं कारण अहवालात हवं. अनेक दावे इथेच पडतात. शेजारच्या वावरात त्याच दिवशी लावलेली दुसऱ्या लॉटची कपाशी नीट उगवली असेल, तर तेही पंचनाम्यात नोंदवून घ्यावं. पाऊस दोन्ही वावरांवर सारखाच पडलेला असतो.

पूर्वी कंपन्यांचा ठरलेला बचाव असे की, बियाणं प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2012 रोजी नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्रातल्या प्रकरणात तो फेटाळला. शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो. पुढे भांडण होईल म्हणून मूठभर बाजूला ठेवेल, ही अपेक्षाच चुकीची, असं न्यायालयाने मानलं. शेती हा ‘व्यापारी हेतू’ आहे, म्हणून शेतकरी ग्राहक नाही, हा मुद्दाही तिथेच निकालात निघाला. माझ्या मते शेतकऱ्यांसाठी ग्राहक कायद्यातला हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे. तरीही रिकामी पिशवी, तिच्यावरचा लॉट नंबर आणि पक्की पावती जपून ठेवायलाच हवी. पावतीवर तोच लॉट नंबर लिहिलेला आहे ना, हे दुकानातच पाहावं.

पावती न देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. पिशवीवर किंवा फलकावर आधार नसलेल्या उत्पादनाची हमी छापणं हीसुद्धा तीच. चोरून विकल्या जाणाऱ्या बियाण्याची पावती मिळतच नाही, त्यामुळे तिथे दावा उभा करणं फार अवघड होतं. सेवेतली त्रुटी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. बँकेने पीकविम्याचा हप्ता खात्यातून कापला, पण विमा कंपनीकडे वेळेत पाठवला नाही, तर माल कुठेच खराब नाही. बँकेचं काम कमी पडलं. अशा वेळी दावा बँकेवर लागतो.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. कंपनी हैदराबादची असली, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा चालतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो दाखल करायचा. मालासाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती तर कधीच नाही. मागणीत बियाण्याची किंमत, मशागत, मजुरी, खत आणि बुडालेलं उत्पन्न वेगवेगळं दाखवावं. उत्पन्नाला सातबारावरचा पीकपेरा आणि आधीच्या वर्षांच्या कापूसविक्रीच्या पावत्या जोडाव्यात, म्हणजे आकडा हवेतला राहत नाही. कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुधा जास्त वेळ जातो.

आता नव्या कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’. त्याच्या तरतुदी 20 जुलै 2020 पासून लागू आहेत आणि नाव ऐकून अनेकांना वाटतं की उगवलं नाही तर हेच लावावं. पण त्यातली ‘हानी’ म्हणजे माणसाला इजा, आजार, मृत्यू किंवा त्या वस्तूखेरीज दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान. निव्वळ आर्थिक नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. त्यामुळे बुडालेल्या पिकासाठी ‘मालातला दोष’ हीच वाट सरळ पडते. कपाशीवर फवारताना विषबाधा झाली, तर मात्र उत्पादन दायित्वाचा विचार करता येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. अशा दाव्यात प्रश्न असतो तो औषधात दोष होता का आणि डब्यावरची सूचना व धोक्याचा इशारा पुरेसा होता का, हा. उत्पादक सूचनापत्रक दाखवून म्हणेल, तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, दोन औषधं एकत्र केली होती. औषधाचा वापर चुकीचा झाला असेल, तर कायदा त्याला तो बचाव देतो. म्हणून रुग्णाला नेताना डबाही दवाखान्यात न्यावा आणि डॉक्टरांच्या कागदावर औषधाचं नेमकं नाव लिहून घ्यावं.