पदवी प्रमाणपत्र हरवल्याचे प्रतिज्ञापत्र कसे लिहावे

विद्यापीठाकडे पदवी प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मागताना सहसा पोलिसांकडील गहाळ नोंदीसोबत प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. छापील नमुन्यात बहुधा ‘प्रवासात हरवले’ एवढेच असते. तेवढ्याने काम भागत नाही, कारण मूळ प्रमाणपत्र कुणाकडे गहाण किंवा जमा तर नाही ना, हे विद्यापीठाला पाहायचे असते.

क्रमांक कशासाठी?

परिच्छेदांना क्रमांक द्यावेत आणि एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगावी. पुढे शंका आली, तर ‘परिच्छेद ३ चा खुलासा करा’ असे नेमके विचारता येते. पहिल्या परिच्छेदात नाव, वय, पत्ता द्यावा. दुसऱ्यात पदवी, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, आसन क्रमांक आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहावा. क्रमांक आठवत नसल्यास जुनी झेरॉक्स शोधावी. अंदाजाने लिहू नये.

हरवल्याची हकीकत

प्रतिज्ञापत्राचा कस इथे लागतो. समजा, पुण्याहून कोल्हापूरला जाताना कागदांची फाईल एसटीत राहिली. तर असे लिहावे:

३. दि. १० जून रोजी मुलाखतीसाठी जाताना मूळ प्रमाणपत्र मी स्वतः निळ्या फाईलमध्ये ठेवले होते.

४. कोल्हापूर स्थानकात उतरल्यावर फाईल जवळ नसल्याचे माझ्या लक्षात आले.

५. त्याच दिवशी स्थानकावरील वाहतूक नियंत्रकांकडे चौकशी केली. फाईल मिळाली नाही.

६. दि. ११ जून रोजी पोलीस ठाण्यात गहाळ नोंद केली. तिची प्रत सोबत जोडली आहे.

यात ‘कुणीतरी चोरली असावी’ असे वाक्य नाही. चोरी होताना पाहिलेली नाही, मग शपथेवर तसे कसे सांगणार? शिवाय पोलीस नोंदीत ‘गहाळ’ आणि प्रतिज्ञापत्रात ‘चोरी’ अशी तफावत दिसली, की अर्ज अडतो. तारखा आणि ठिकाण दोन्ही कागदांवर जुळायलाच हवे.

शेवटचे परिच्छेद

सातव्यात प्रमाणपत्र कुठेही गहाण, तारण किंवा जमा ठेवलेले नाही, हे स्पष्ट लिहावे. नोकरीच्या ठिकाणी मूळ कागद जमा असेल, तर तो हरवलेला नाही. अशा वेळी हरवल्याचे प्रतिज्ञापत्र करणे म्हणजे खोटी शपथ घेणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये खोट्या पुराव्याला शिक्षा आहे. आठव्यात मूळ प्रत सापडल्यास ती विद्यापीठाला परत करण्याची हमी द्यावी.

सत्यापन आणि सही

सत्यापनात वरील मजकूर स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा असल्याचे, ठिकाण व तारखेसह लिहितात. सही घरून करून नेऊ नये, ती नोटरी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरच करावी. जाताना ओळखपत्र न्यावे. खाडाखोड झाली असल्यास तिथे आपली आणि नोटरीची लघुसही आहे ना, हे तिथेच पाहावे. मुद्रांक किती रुपयांचा लागेल, हे टंकलेखनाआधी विचारून घ्यावे. महाराष्ट्रात १०० रुपयांचे दर ऑक्टोबर २०२४ मध्ये ५०० रुपये झाले आणि काही कामांना सूटही आहे.