साडेअकराची झोप कुठे अडते?

ठाण्यातला एखादा नोकरदार लोकलने साडेआठला घरी पोहोचतो, नऊला जिममध्ये जातो, साडेदहाला मटण-भाकरी जेवतो आणि साडेअकराला आडवा होतो. तासभर नुसती कूस बदलणं चालतं. दोष तो व्यायामाला देतो.

तो दोष बराचसा चुकीचा आहे. झोप येण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि व्यायाम ते चढवतो, हे खरं. पण झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये २३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडल्याचं दिसलं नाही. अडचण होती ती झोपेच्या तासभर आधीपर्यंत चाललेल्या दमछाक करणाऱ्या व्यायामाची. हा माणूस दहाला जिममधून निघतो, म्हणजे दीड तास हाताशी असतो.

खरी गडबड ताटात आहे. तेलकट जेवण पोटातून पुढे सरकायला कित्येक तास घेतं. जेवल्यावर सुस्ती येते, त्यामुळे फसायला होतं. पण भरल्या पोटी आडवं होताच आम्ल अन्ननलिकेत चढतं. छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, ही त्याची खूण. जेवण साडेआठलाच उरकलं, तर तीन तास मिळतात. व्यायाम मग सकाळी किंवा जेवणाआधी.

उशिरा भूक लागलीच, तर केळं किंवा कपभर दूध सहसा त्रास देत नाही. वाटीभर फरसाण आणि सोबत चहा मात्र टाळावा, कारण चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं.